नोटिशीच्या उत्तरात ‘सोयाबीन आलं की देतो’ असं लिहू नका

मोंढ्यात उधारीची मुदत पिकावर ठरते. ‘सोयाबीन आलं की देतो’, ‘कापूस विकला की खातं मिटवतो’ असं शेतकरी दुकानदाराला सांगतो आणि दुकानदार तेच पुढे ठोक व्यापाऱ्याला सांगतो. तोंडी बोलण्यात यात काही वावगं नाही. पण व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आणि दुकानदाराने उत्तरात हेच वाक्य लिहून खाली सही केली, की नोटिशीत मागितलेली सगळी रक्कम त्याने कबूल केली असा अर्थ कोर्टात काढता येतो. चुकीचा आलेला माल, जमा न धरलेले पैसे, हे सगळं मग मागाहून सुचलेलं वाटतं.

उत्तरात काय लिहायचं आणि काय नाही, हे एक प्रकरण घेऊन पाहू. प्रकरण मसुदा लिहिण्याच्या सरावासाठी रचलेलं आहे, कायदा मात्र खरा आहे.

परभणी जिल्ह्यात सेलूला एकाचं हार्डवेअर आणि पाईपचं दुकान आहे. जालन्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून तो पीव्हीसी पाईप आणतो. 3 मार्च 2025 च्या बिलाने 75 एमएमचे, सहा किलो दाबाचे 200 नग आले. दर नगाला 600 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, बिल झालं ₹1,41,600. 24 मार्चला दुसरी गाडी आली, त्याच मापाचे 150 नग, बिल ₹1,06,200. दोन्ही मिळून ₹2,47,800. दुकानदाराने 15 मार्चला बँकेतून एक लाख पाठवले. 10 एप्रिलला वसुलीला आलेल्या सेल्समनच्या हातात दहा हजार रोख दिले आणि त्याच्याकडून सही केलेली चिठ्ठी घेतली.

दुसऱ्या गाडीत घोळ झाला. गाडी रात्री उतरली, हमालांनी नग मोजले, दुकानदाराने चलनावर ‘माल मिळाला’ म्हणून सही केली. सकाळी पाईपवरचा छाप वाचला तेव्हा 150 पैकी 60 नग चार किलोचे निघाले. विहिरीवरच्या मोटारीचा दाब जास्त असेल तिथे चार किलोचा पाईप जोडाजवळ फाटतो, म्हणून सहा किलो मागणाऱ्या शेतकऱ्याला तो देता येत नाही. दुकानदाराने 25 मार्चलाच फोटो काढून सेल्समनला व्हॉट्सअ‍ॅप केले. 26 तारखेला उत्तर आलं, ‘पुढच्या गाडीत बदलून देतो.’ पुढची गाडी आलीच नाही. ऑगस्टमध्ये आली ती वकिलाची नोटीस. ₹1,47,800 येणे बाकी, त्यावर 24 टक्के व्याज, नोटिशीचा खर्च पाच हजार, आणि सगळं पंधरा दिवसांत भरा.

दुकानदाराच्या मनात पहिलं उत्तर येतं ते रागाचं: ‘तुमचा सगळा माल बोगस आहे, मी एक रुपयाही देणे लागत नाही.’ हे लिहिलं तर पहिल्याच उलटतपासणीत कोसळतं. माल बोगस होता तर एक लाख कशाचे पाठवले? पहिले 200 पाईप कोणाला विकले? राग उतरल्यावर दुसरं उत्तर सुचतं ते अजिजीचं: ‘यंदा पाऊस लांबला, गावातली उधारी अडकली आहे, मी पैसे बुडवायलो का? सोयाबीन आलं की देतो.’ वाचायला हे शहाणपणाचं वाटतं, पण मला यातच जास्त धोका दिसतो.

मुदतीचा कायदा 1963 चा आहे. त्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचवल्यापासून तीन वर्षं, ठरलेली असेल तर ती मुदत संपल्यापासून तीन वर्षं. याच कायद्याचं कलम 18 असं सांगतं की ही मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं, तर कबुलीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजायची. आणि कबुली म्हणजे ‘इतके रुपये देणे आहे’ असंच लिहिलेलं असलं पाहिजे, असं नाही. ‘देण्याची वेळ अजून आलेली नाही’ असं म्हटलं, किंवा देणं मान्य करून पैसे द्यायला नकार दिला, तरी ती कबुली ठरू शकते. वकिलाने तुमच्या वतीने सही केली असेल तरी तेच. ‘सोयाबीन आलं की देतो’ हे या चौकटीत अगदी बरोबर बसतं.

आपल्या प्रकरणात माल मार्च 2025 चा आहे, म्हणजे मुदतीचा प्रश्न अजून दूर आहे. पण अडीच-पावणेतीन वर्षं जुन्या बाकीची नोटीस येते तेव्हा या एका वाक्याने व्यापाऱ्याला आणखी तीन वर्षं मिळतात. अशा नोटिशीच्या उत्तराचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय टपालात टाकू नये.

मुदत बाजूला ठेवली तरी कबुलीचा दुसरा परिणाम उरतोच. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 12 नियम 6 आहे. पक्षकाराने लेखी किंवा तोंडी जे कबूल केलं, तेवढ्यापुरता निकाल साक्षीपुराव्याची वाट न पाहता देण्याचा अधिकार त्यातून कोर्टाला मिळतो. उत्तरात रक्कम न सांगता ‘देतो’ एवढंच म्हटलं, तर कोणती रक्कम? समोरचा वकील म्हणणार, नोटिशीतली. म्हणून उत्तर लिहिण्याचं खरं काम एकच आहे. किती रक्कम मान्य, किती अमान्य आणि अमान्य का, हे आकड्यात लिहायचं.

लिहायला बसण्याआधी नोटीस नेमकी कशाची आहे ते बघा. चेक परत गेल्याची नोटीस असेल तर गोष्टच वेगळी. तिथले पंधरा दिवस परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 ने घातलेले आहेत, आणि त्या मुदतीत पैसे गेले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. आपल्या प्रकरणात चेक नाही. त्यामुळे इथले पंधरा दिवस व्यापाऱ्याच्या वकिलाने स्वतः घातलेले आहेत. सोळाव्या दिवशी कोणताही हक्क बुडत नाही. तरीही उत्तर त्या मुदतीत द्यावं, कारण दावा उभा राहिल्यावर ‘तेव्हा गप्प का बसलात?’ हा प्रश्न हमखास येतो.

मग वही काढायची आणि मागच्या वाड्यात जाऊन पाईप मोजायचे. अंदाजाने ‘60 नग पडून आहेत’ असं लिहू नका. आपल्या प्रकरणात मोजणी केली तेव्हा 52 च निघाले. मे महिन्यात दुकानातल्या पोराने आठ नग एका शेतकऱ्याला विकले होते. त्याला कमी दाबाच्या कामाला चार किलोचेच हवे होते, आणि विक्रीचं बिलही फाडलेलं होतं.

हे आठ नग लहान वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 37 नुसार ठरलेल्या मालात वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आला, तर खरेदीदार ठरलेला माल ठेवून बाकीचा नाकारू शकतो. कलम 41 म्हणतं की आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरता येत नाही. त्यामुळे रात्री चलनावर केलेली सही म्हणजे मालाला मान्यता नव्हे. कलम 43 नुसार नाकारलेला माल पोचवून देणं खरेदीदाराला बंधनकारक नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. इथपर्यंत सगळं दुकानदाराच्या बाजूचं आहे. पण कलम 42 म्हणतं, माल आपलाच असल्यासारखा वापरला किंवा नाकारल्याचं न कळवता वाजवी वेळेपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं समजायचं. आठ नग विकणं म्हणजे आपल्याच मालासारखं वागणं.

म्हणून त्या आठ नगांची पूर्ण किंमत मान्य करावी, असं माझं मत आहे. चार आणि सहा किलोच्या दरातला फरक मागता येईल, पण त्या थोड्या पैशांसाठी 52 नगांची चांगली बाजू कमजोर होते. आठ विकले म्हणजे साठच्या साठ स्वीकारले, असा युक्तिवाद समोरून होणारच. आपण स्वतःहून ते सांगितलेलं असेल तर त्याची धार कमी होते. लपवलेलं विक्रीचं बिल दोन वर्षांनी कोर्टात समोर आलं, तर दुकानदाराच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

आता हिशेब. 52 नगांची किंमत 31,200 आणि जीएसटी 5,616, एकूण ₹36,816. दोन्ही बिलांच्या ₹2,47,800 मधून बँकेचे एक लाख, रोख दहा हजार आणि हे ₹36,816 वजा केले की उरतात ₹1,00,984. व्यापारी मागतो त्यापेक्षा हे ₹46,816 ने कमी आहे. सगळा वाद तेवढ्याच रकमेचा आहे.

कागद हाताशी आले की मसुदा सोपा जातो. नोटिशीच्या परिच्छेदांचे क्रमांक धरून, एकेकाला उत्तर द्यायचं. ‘नोटिशीतील सर्व मजकूर खोटा व नाकबूल’ असं एका ओळीत उडवून लावणारी उत्तरं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यातून काहीच कळत नाही आणि पुढे कामाला येईल असं काही हातात राहत नाही. गाभ्याचे परिच्छेद असे लिहिता येतील:

> नोटिशीतील परिच्छेद 2 मध्ये नमूद केलेली दि. 3 मार्च व दि. 24 मार्च 2025 ची बिले व त्यांवरील रकमा बरोबर आहेत. मात्र दुसऱ्या बिलाप्रमाणे पूर्ण माल मिळाला हे खालील कारणास्तव मान्य नाही.
>
> परिच्छेद 3 मध्ये माझ्या अशिलाने सर्व माल तपासून, विनातक्रार ताब्यात घेतला असे म्हटले आहे, ते खरे नाही. दि. 24 मार्चच्या बिलातील 150 नगांपैकी 60 नग मागणीप्रमाणे 6 किलोचे नसून 4 किलोचे होते. चलनावरील सही रात्री माल उतरवताना केवळ नगांच्या संख्येपुरती केलेली आहे. दुसऱ्याच दिवशी, दि. 25 मार्च रोजी, माझ्या अशिलाने फोटोंसह ही बाब आपल्या अशिलाच्या सेल्समनला व्हॉट्सअ‍ॅपद्वारे कळवली व त्याने दि. 26 मार्च रोजी माल बदलून देण्याचे मान्य केले. माल आजपर्यंत बदलून दिलेला नाही.
>
> सदर 60 नगांपैकी 8 नग मे 2025 मध्ये विकले गेले असून त्यांची बिलाप्रमाणे पूर्ण किंमत माझ्या अशिलास मान्य आहे. उरलेले 52 नग नाकारलेले असून ते न वापरता दुकानात स्वतंत्र ठेवलेले आहेत. आपल्या अशिलाने पूर्वसूचना देऊन ते स्वखर्चाने घेऊन जावेत व ₹36,816 ची क्रेडिट नोट द्यावी.
>
> परिच्छेद 4 मधील ₹1,47,800 ही येणे रक्कम मान्य नाही. दि. 10 एप्रिल 2025 रोजी आपल्या अशिलाच्या सेल्समनने ₹10,000 रोख स्वीकारून सहीची पावती दिली आहे. ती रक्कम जमा धरलेली नाही. वरील दोन्ही रकमा वजा जाता केवळ ₹1,00,984 देय होते. ते आज रोजी आपल्या अशिलाच्या बँक खात्यात जमा केले असून व्यवहाराचा क्रमांक सोबत दिला आहे. त्याहून अधिक कोणतीही रक्कम देय असल्याचे माझे अशील स्पष्टपणे नाकारतात.

‘सहीची पावती दिली आहे’ या वाक्याबद्दल थोडं. व्यापारी म्हणेल, सेल्समनला पैसे घ्यायचा अधिकारच नव्हता. याला उत्तर जुन्या खात्यात सापडतं. याच सेल्समनच्या हाती आधी रोख दिली होती का, आणि ती व्यापाऱ्याने जमा धरली होती का? असेल तर ती तारीख आणि रक्कम उत्तरात घाला, आणि पूर्ण खातेउतारा पाठवण्याची मागणी करा. मूळ चिठ्ठी मात्र कोणाच्याही हाती देऊ नका. उत्तरासोबत झेरॉक्स जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपचंही असंच. स्क्रीनशॉट काढून ठेवला म्हणून काम संपत नाही. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 नुसार असा पुरावा छापील स्वरूपात कोर्टात दाखल करताना ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ज्या फोनवर संदेश आला तो फोन शाबूत असेल तर काम खूप सोपं होतं. वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नये, चॅट पुसू नये.

व्याजाला दोनच वाक्यं पुरतात. ‘24 टक्के व्याजाचा कोणताही करार उभयतांत झालेला नाही. बिलावर एकतर्फी छापलेली अट माझ्या अशिलास मान्य नव्हती व नाही.’ पण हे लिहिण्याआधी जुनी खाती चाळा. आधी कधी त्याच दराने व्याज भरलं असेल तर हे वाक्य लिहिता येणार नाही. आणि करार सिद्ध झाला नाही तरी कोर्ट वाजवी दराने व्याज देऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या. मान्य रक्कम लगेच भरण्याचं हे एक मोठं कारण आहे. भरलेल्या रकमेवर पुढचं व्याज चढत नाही.

उत्तर टपालात टाकण्याआधी एक चक्कर कर सल्लागाराकडे मारायची. दुसऱ्या बिलातल्या जीएसटीचं, म्हणजे ₹16,200 चं, क्रेडिट दुकानदाराने पूर्ण घेतलेलं असतं, कारण पोर्टलवर बिल दिसलं की अकाउंटंट ते घेऊन टाकतो. समोरचा वकील विचारणार, 52 नग नाकारले होते तर त्यांच्यावरच्या ₹5,616 चं क्रेडिट कसं घेतलं? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जड आहे, कारण ते विवरणपत्र दुकानदाराने स्वतः भरलेलं असतं. तेवढं क्रेडिट आधी उलटवावं आणि मग उत्तर पाठवावं. तसंही बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत, तर न दिलेल्या रकमेपुरतं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतंच. दुसऱ्या बिलाचे 180 दिवस 20 सप्टेंबर 2025 ला भरतात.

आणि एक लाखाच्या वरची रक्कम एकदम भरायला नसेलच तर? ऑगस्टमध्ये ते शक्य आहे, पैसा शेतात अडकलेला असतो. तरीही आकडा तोच लिहायचा, जेवढं जमेल तेवढं त्या दिवशी भरायचं आणि उरलेल्या रकमेच्या ठरावीक तारखा द्यायच्या. ‘सोयाबीन आल्यावर’ ही तारीख नव्हे. तडजोडीचं बोलणं करायचं असेल, म्हणजे ‘52 नगांचं निम्मं निम्मं करू’ वगैरे, तर ते या उत्तरात घालू नका. त्यासाठी वेगळं पत्र लिहा आणि त्यात ‘हे पत्र तडजोडीसाठी असून पुरावा म्हणून वापरता येणार नाही’ अशी अट स्पष्ट घाला. पुरावा कायदा अशा अटीला मान देतो. नोटिशीचं उत्तर मात्र उघडा कागद आहे. तो उद्या व्यापाऱ्याच्याच दाव्याला जोडलेला दिसेल.

उत्तर वकिलानेच द्यावं असं बंधन नाही, दुकानदार स्वतःच्या सहीनेही देऊ शकतो. पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा, ईमेल असेल तर त्यावरही पाठवा, आणि पोहोच सही केलेल्या प्रतीला टाचून ठेवा. 52 नगांना दोरी बांधून वेगळे रचा, तारीख दिसेल असा फोटो काढा, आणि दुकानातल्या पोराला सांगा की यातला एकही नग विकायचा नाही. उत्तर गेल्यावर एक नग जरी विकला तरी ‘न वापरता दुकानात स्वतंत्र ठेवलेले आहेत’ हे लेखी वाक्य खोटं ठरतं.

व्यापाऱ्याने तरीही दावा लावला, तर तो आदेश 37 खालचा संक्षिप्त दावा असण्याची शक्यता असते. बिलांच्या आधारावर तो लावला जातो. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि पुढे निकालासाठीचं समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. ही परवानगी आपोआप मिळत नाही, बचावात तथ्य आहे हे दाखवावं लागतं. तिथे ऑगस्टमधलं उत्तर कामाला येतं. 52 नग, सेल्समनची चिठ्ठी आणि 26 मार्चचा संदेश या गोष्टी समन्स आल्यावर रचलेल्या नाहीत, हे त्याच्या तारखेवरूनच दिसतं. याच आदेशात आणखी एक तरतूद आहे. मागितलेल्यापैकी काही रक्कम प्रतिवादीने देय असल्याचं कबूल केलं असेल, तर ती कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी मिळत नाही. आपल्या दुकानदाराने ₹1,00,984 आधीच बँकेतून पाठवले आहेत, त्यामुळे कोर्टात भरण्याजोगी कबूल रक्कम उरलेली नाही आणि भांडण फक्त ₹46,816 आणि व्याजाचं राहतं.